बारा पगार स्लिपवरून वर्षाचा गोषवारा कसा तयार करावा? आयकर विवरणपत्रासाठी माहिती

दर महिन्याला ई-मेलवर किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर येणारी पगार स्लिप आपण बहुधा फक्त शेवटची ओळ पाहून बंद करतो. आयकर विवरणपत्र, म्हणजे रिटर्न, भरताना मात्र शेवटच्या ओळीचा फारसा उपयोग नसतो. तेथे वर्षभराचे एकूण वेतन, त्यातून झालेल्या कपाती आणि कापलेला कर हे तीन वेगवेगळे आकडे लागतात. ते बारा स्लिपमधून काढून एका कागदावर आणणे म्हणजे वार्षिक गोषवारा. हा गोषवारा कसा करायचा, कोणता आकडा कोठे धरायचा आणि तो बरोबर आहे हे कसे ओळखायचे, याची माहिती या लेखात दिली आहे. सर्व आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. या वर्षाचे विवरणपत्र आकारणी वर्ष २०२६-२७ या नावाने भरले जाते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी या विवरणपत्राला १९६१ चाच कायदा लागू आहे.

गोषवारा कोणाला उपयोगी पडतो?

ज्यांच्या पगारातून कर कापला गेला आहे त्यांना मालकाने १५ जूनपर्यंत फॉर्म १६ द्यायचा असतो. ज्यांचा कर कापलाच गेला नाही, त्यांना हा फॉर्म मिळेलच असे नाही. अशा वेळी पगार स्लिप हाच आधार उरतो. फॉर्म १६ मिळाला असला तरी त्यातील आकडा बरोबर आहे का, हे आपल्याकडे स्वतःचा हिशेब असेल तरच कळते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. नवीन करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरल्यास, १२,७५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर कर शून्य होतो, कारण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए खाली पूर्ण सूट आहे. तरीही पन्नास-साठ हजार रुपये पगार असलेल्या अनेकांच्या जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या स्लिपमध्ये टीडीएसची कपात दिसते. हे पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतात. त्यासाठी ते किती आहेत आणि ते सरकारकडे जमा झाले आहेत का, हे आधी कळायला हवे.

कोणत्या बारा स्लिप घ्याव्यात?

एप्रिल २०२५ ची स्लिप पहिली आणि मार्च २०२६ ची शेवटची. पगार हातात कधी पडला यावर हे ठरत नाही. खासगी नोकरीत ज्या महिन्याचे काम, त्या महिन्याचा पगार देय झाला असे धरतात. मार्चचा पगार ५ किंवा ७ एप्रिलला बँकेत आला, तरी तो मार्चचाच आहे आणि याच वर्षात मोजायचा आहे. म्हणून बँकेच्या पासबुकातील एप्रिल ते मार्च या नोंदींची बेरीज करून उत्पन्न काढू नये. त्या बेरजेत आदल्या वर्षाच्या मार्चचा पगार शिरतो आणि या वर्षीचा मार्च बाहेर राहतो.

सरकारी कार्यालयांतील अनेक कर्मचाऱ्यांचा पगार पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला देय होतो, त्यामुळे त्यांचा हिशेब मार्च ते फेब्रुवारी असा धरला जातो. अशा कर्मचाऱ्यांनी आपल्या फॉर्म १६ मध्ये कोणते महिने धरले आहेत ते पाहून त्याच स्लिप घ्याव्यात.

वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही ठिकाणच्या स्लिप लागतील. जुन्या कंपनीचे लॉगिन नोकरी सोडल्यावर काही दिवसांत बंद होते, म्हणून शेवटच्या आठवड्यातच सर्व स्लिप उतरवून घ्याव्यात.

पीडीएफला पासवर्ड असतो. तो बहुधा पॅन क्रमांक, जन्मतारीख किंवा दोन्हींचे मिश्रण असतो, आणि त्याची रीत स्लिपसोबतच्या ई-मेलमध्येच लिहिलेली असते. उतरवलेल्या प्रत्येक फाइलला `2025-04.pdf`, `2025-05.pdf` असे नाव दिल्यास त्या आपोआप क्रमाने लागतात आणि एखादा महिना राहिला असेल तर लगेच दिसतो. एका महिन्याच्या दोन स्लिप असतील, तर नंतर काढलेली, दुरुस्त केलेली स्लिप ठेवावी. दोन्ही धरल्यास तो महिना दोनदा मोजला जाईल.

पगार स्लिपवर पॅन, यूएएन आणि बँक खात्याचा क्रमांक असतो. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात काम करून घेतल्यास तेथील संगणकावरून फाइली स्वतःसमोर पुसून घ्याव्यात. पीडीएफचा तक्ता करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर या स्लिप टाकू नयेत. बारा स्लिपचे आकडे हाताने उतरवायला जेमतेम अर्धा तास लागतो.

स्लिपमधील कोणता आकडा घ्यायचा?

स्लिपच्या डाव्या बाजूला मिळकत आणि उजव्या बाजूला कपात अशी रचना बहुतेक ठिकाणी असते. मिळकतीच्या बाजूला मूळ वेतन, घरभाडे भत्ता, विशेष भत्ता अशा ओळी आणि खाली त्यांची बेरीज असते. या बेरजेला स्लिपवर ‘ग्रॉस’ म्हणतात. सरकारी कागदांत हेच कधी ‘एकूण वेतन’, कधी ‘स्थूल वेतन’, तर कधी ‘ढोबळ वेतन’ या नावाने येते. तिन्हींचा अर्थ एकच, त्यामुळे शब्द बदलला म्हणून गोंधळू नये. गोषवाऱ्यात हाच आकडा घ्यायचा आहे.

काही स्लिपमध्ये मिळकतीच्या बाजूला दोन रकाने असतात. एकात ठरलेला पगार असतो आणि दुसऱ्यात त्या महिन्यात प्रत्यक्ष कमावलेला पगार. बिनपगारी रजा झाली असेल तर दोन्ही आकडे वेगळे असतात. अशा वेळी कमावलेला पगार घ्यावा.

काही कंपन्या मालकाचा पीएफचा हिस्साही स्लिपवर छापतात, मिळकतीच्या बाजूला आणि पुन्हा कपातीच्या बाजूला. ही रक्कम आपल्या हातात येत नाही आणि पगाराच्या १२ टक्क्यांपर्यंत ती करपात्र वेतनातही धरली जात नाही. अशी ओळ असल्यास ती दोन्ही बाजूंनी वगळावी. ओळखण्याची खूण अशी की पीएफची ओळ दोनदा दिसते आणि त्यातील एकीच्या नावात ‘एम्प्लॉयर’ किंवा ‘ईआर’ असते.

कपातीच्या बाजूला सर्व काही एकाच रांगेत छापलेले असले, तरी त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. टीडीएस म्हणजे आपल्या नावाने सरकारकडे आगाऊ भरलेला आयकर. पीएफ आणि व्यवसाय कर या कायद्याने होणाऱ्या कपाती आहेत आणि त्यांचा उपयोग फक्त जुन्या करप्रणालीत होतो. उचल, पतसंस्थेचा हप्ता, कॅन्टीन यांसारख्या कपातींचा आयकराशी काही संबंध नसतो, आपणच घेतलेले किंवा वापरलेले पैसे त्यातून वळते होतात. पतसंस्थेचा हप्ता गेला म्हणून उत्पन्न कमी होत नाही. हातात आलेला पगार उत्पन्न म्हणून का लिहू नये, याचे उत्तर या तिसऱ्या प्रकारात आहे.

एक उदाहरण

समजा, नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ काम करतात. एप्रिलमध्ये त्यांचा महिन्याचा एकूण पगार ५०,००० रुपये होता. ऑक्टोबरमध्ये पगारवाढ जाहीर होऊन तो ५५,००० झाला आणि वाढ जुलैपासून लागू केली गेली. त्यामुळे ऑक्टोबरच्या स्लिपमध्ये जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या फरकाचे १५,००० रुपयेही आले. दिवाळीसाठी त्यांनी १२,००० रुपये उचल घेतली. ती ऑक्टोबरमध्ये वेगळी बँकेत जमा झाली आणि नोव्हेंबरपासून चार हप्त्यांत कापली गेली. डिसेंबरमध्ये तीन दिवस बिनपगारी रजा झाली. रुग्णालय महिना तीस दिवसांचा धरते, म्हणून त्या महिन्यात ५,५०० रुपये कमी मिळाले.

एप्रिलमध्ये त्यांनी लेखा विभागाला जुनी करप्रणाली निवडल्याचे कळवले होते, कारण ते महिना १०,००० रुपये घरभाडे देतात. जानेवारीत लेखा विभागाने भाड्याच्या पावत्या मागितल्या, पण घरमालकाने त्या दिल्या नाहीत. मग भाड्याची सूट काढून टाकून संपूर्ण वर्षाचा कर उरलेल्या तीन महिन्यांत कापला गेला. जानेवारीत पगार अचानक कमी येण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

त्यांच्या बारा स्लिपचा गोषवारा असा होतो. सर्व आकडे रुपयांत आहेत.

| महिना | एकूण वेतन | पीएफ | व्यवसाय कर | टीडीएस | उचल | हातात |
|---|---|---|---|---|---|---|
| एप्रिल ते सप्टेंबर, दरमहा | ५०,००० | १,८०० | २०० | ० | ० | ४८,००० |
| ऑक्टोबर | ७०,००० | १,८०० | २०० | ० | ० | ६८,००० |
| नोव्हेंबर | ५५,००० | १,८०० | २०० | ० | ३,००० | ५०,००० |
| डिसेंबर | ४९,५०० | १,८०० | २०० | ० | ३,००० | ४४,५०० |
| जानेवारी | ५५,००० | १,८०० | २०० | ८,९०० | ३,००० | ४१,१०० |
| फेब्रुवारी | ५५,००० | १,८०० | ३०० | ८,९०० | ३,००० | ४१,००० |
| मार्च | ५५,००० | १,८०० | २०० | ८,८०० | ० | ४४,२०० |
| वर्षाची बेरीज | ६,३९,५०० | २१,६०० | २,५०० | २६,६०० | १२,००० | ५,७६,८०० |

एप्रिल ते सप्टेंबरचे आकडे सारखे असल्यामुळे येथे एका ओळीत दाखवले आहेत, बेरजेत ते सहा वेळा धरले आहेत. आपला तक्ता करताना मात्र बारा महिन्यांच्या बारा ओळी ठेवाव्यात.

आता काही आकडे शेजारी ठेवून पाहू. मार्चच्या स्लिपला बाराने गुणले तर ६,६०,००० येतात, म्हणजे २०,५०० रुपये जास्त. एप्रिलच्या स्लिपला गुणले तर ६,००,०००, म्हणजे ३९,५०० रुपये कमी. व्यवसाय करातही असेच होते. महाराष्ट्रात तो दरमहा २०० रुपये असला तरी फेब्रुवारीत ३०० असतो, म्हणून वर्षाचे २,४०० नव्हे तर २,५०० रुपये होतात. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. दिल्ली आणि उत्तर प्रदेशात पगारावर व्यवसाय करच नाही, तर महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. आपल्या स्लिपवर ही ओळ नसेल तर चूक झाली असे समजू नये.

ऑक्टोबरमधील फरकाची रक्कम याच आर्थिक वर्षातील महिन्यांची आहे, त्यामुळे तिच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. फरक मागील वर्षांचा असता, तर कलम ८९ खालील सवलतीसाठी विवरणपत्राच्या आधी संकेतस्थळावर फॉर्म १०ई भरावा लागला असता.

तक्ता बरोबर आहे हे कसे तपासावे?

सर्वांत सोपी तपासणी प्रत्येक ओळीत आडवी करायची. एकूण वेतनातून सर्व कपाती वजा केल्यावर स्लिपवर छापलेला ‘नेट’ पगार तंतोतंत आला पाहिजे. जानेवारीत ५५,००० मधून १,८००, २००, ८,९०० आणि ३,००० वजा केले की ४१,१०० उरतात. एखाद्या महिन्यात फरक आला, तर त्या स्लिपमधली एखादी ओळ उतरवायची राहिली आहे. शेवटी फक्त उभ्या बेरजा जुळवत बसण्यापेक्षा चूक नेमकी कोणत्या महिन्यात आहे हे या रीतीने लवकर सापडते.

तक्ता संगणकावर किंवा मोबाइलवरील एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये करत असाल, आणि पहिल्या ओळीत शीर्षके व त्याखाली बारा महिने असतील, तर वेतनाच्या रकान्याची बेरीज अशी येते:

```
=SUM(B2:B13)
```

पीडीएफमधून आकडा कॉपी करून चिकटवल्यास कधी कधी ही बेरीज शून्य येते किंवा काही महिने सोडून येते. स्वल्पविराम किंवा मोकळी जागा सोबत आल्यामुळे तो आकडा संगणकाला अक्षरे वाटतो. असे आकडे चौकटीत डावीकडे चिकटलेले दिसतात, खरे आकडे उजवीकडे असतात. अशा वेळी शेजारच्या रिकाम्या रकान्यात पुढील सूत्र लिहून तो आकडा मोकळा करता येतो:

```
=VALUE(SUBSTITUTE(TRIM(B2),",",""))
```

एवढे करण्यापेक्षा ती रक्कम पुन्हा टंकलेली बरी, असे बऱ्याच जणांना वाटेल. बाराच ओळी आहेत, तसे करायलाही हरकत नाही. स्लिप स्कॅन केलेली, म्हणजे कागदाचा फोटो असेल, तर तिच्यातून आकडे कॉपी होतच नाहीत आणि टंकणे हाच मार्ग उरतो. वहीत पेनाने केलेला तक्ताही पूर्णपणे चालतो.

काही स्लिपवर ‘वायटीडी’ नावाचा रकाना असतो. त्यात वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज कंपनीनेच दिलेली असते. मार्चच्या स्लिपमधील हा आकडा आपल्या बेरजेशी ताडून पाहावा. मात्र वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली असेल तर नव्या कंपनीचा हा रकाना तेथे रुजू झाल्यापासूनचाच असतो.

कापलेला कर सरकारकडे जमा झाला का?

पगार स्लिपवर टीडीएस दिसतो याचा अर्थ कंपनीने तो कापला. तो आपल्या पॅनवर जमा झाला का, हे स्लिप सांगत नाही. त्यासाठी `incometax.gov.in` या संकेतस्थळावर लॉगिन करून फॉर्म २६एएस पाहावा लागतो. हा फॉर्म म्हणजे आपल्या पॅनच्या नावावर कोणी किती कर भरला याचे पासबुकच समजा. तेथेच वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, हा दुसरा कागद मिळतो. त्यात पगाराबरोबर बँकेचे व्याजही दिसते. बचत खात्याचे व्याज पगार स्लिपवर कधीच नसते, पण विवरणपत्रात ते दाखवावे लागते, म्हणून गोषवाऱ्याच्या खाली त्याची एक ओळ लिहून ठेवावी.

येथे तारखांकडे लक्ष द्यावे. जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या टीडीएसचा तपशील कंपनीने ३१ मेपर्यंत आयकर विभागाला द्यायचा असतो. आपल्या उदाहरणातील सर्व २६,६०० रुपये याच तिमाहीत कापले गेले आहेत. त्या तंत्रज्ञांनी एप्रिलमध्ये फॉर्म २६एएस पाहिला असता तर तेथे शून्य दिसले असते, आणि घाईने तेव्हाच विवरणपत्र भरले असते तर परतावाही शून्य निघाला असता. साधारण १५ जूननंतर, फॉर्म १६ हातात आल्यावर, दोन्ही आकडे ताडून पाहणे योग्य ठरते.

जूनच्या अखेरीसही स्लिपवर २६,६०० आणि फॉर्म २६एएस मध्ये कमी किंवा शून्य असेल, तर पहिली शंका पॅन क्रमांकावर घ्यावी. स्लिपवर छापलेला पॅन एकेक अक्षर करून आपल्या कार्डाशी जुळवावा. पॅन चुकला असेल तर आपला कर दुसऱ्या पॅनवर दिसत असतो आणि कंपनीने दुरुस्ती विवरण भरल्यावर तो आपल्याकडे येतो. पॅन बरोबर असेल, तर कंपनीने पैसे भरलेले नाहीत किंवा तपशील पाठवलेला नाही. लेखा विभागाला ई-मेलने लेखी कळवावे, सोबत त्या तीन महिन्यांच्या स्लिप जोडाव्यात आणि उत्तर जपून ठेवावे. आयकर कायद्याच्या कलम २०५ नुसार, पगारातून कापलेला कर मालकाने भरला नाही तरी तो पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. पण परतावा देताना विभागाची यंत्रणा फॉर्म २६एएस मधील नोंदच पाहते, त्यामुळे नोंद दुरुस्त करून घेणे आपल्याच सोयीचे असते. ज्या स्लिपमध्ये टीडीएस कापलेला दिसतो, त्या कधीही पुसून टाकू नयेत.

फॉर्म २६एएस मध्ये आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. पगाराच्या टीडीएससमोर कलम `192` लिहिलेले असते. कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या काही जणांना येथे `194C` किंवा `194J` दिसते. याचा अर्थ कंपनीने तुम्हाला पगार दिला असे नव्हे, तर कंत्राटदार किंवा व्यावसायिक म्हणून मोबदला दिला, असे विभागाला कळवले आहे. अशा उत्पन्नाला पगाराची ७५,००० रुपयांची वजावट मिळत नाही आणि विवरणपत्राचा नमुनाही वेगळा असतो. महिन्याला मिळणाऱ्या कागदावर ‘पगार स्लिप’ असे लिहिलेले असले तरी ही नोंद आधी पाहावी. तशी नोंद असल्यास या लेखातील पुढचा हिशेब लागू होत नाही.

गोषवाऱ्यावरून परतावा किती निघतो?

आपल्या उदाहरणातील कंपनीने जुन्या प्रणालीने हिशेब केला. ६,३९,५०० मधून ५०,००० प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर आणि पीएफचे २१,६०० वजा करून करपात्र उत्पन्न ५,६५,४०० आले. जुन्या प्रणालीत पाच लाखांच्या पुढे उत्पन्न गेले की कलम ८७ए ची सूट मिळत नाही. म्हणून अडीच ते पाच लाखांवर ५ टक्क्यांनी १२,५००, पुढील ६५,४०० वर २० टक्क्यांनी १३,०८० आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून सुमारे २६,६०० रुपये कर झाला. कंपनीचा हिशेब चुकलेला नाही.

पण कंपनीला कळवलेली करप्रणाली विवरणपत्रात बंधनकारक नसते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदारांना दर वर्षी विवरणपत्र भरताना प्रणाली पुन्हा निवडता येते. नवीन प्रणालीत ६,३९,५०० मधून फक्त ७५,००० वजा होतात. पीएफ आणि व्यवसाय कर तेथे धरले जात नाहीत. करपात्र उत्पन्न ५,६४,५०० येते, म्हणजे जवळपास तेवढेच. चार लाखांपर्यंत कर नाही, पुढील १,६४,५०० वर ५ टक्क्यांनी ८,२२५ रुपये कर होतो आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने कलम ८७ए ची सूट मिळून तो शून्य होतो. कापले गेलेले सर्व २६,६०० रुपये परत मिळण्यास पात्र ठरतात. त्यासाठी भाड्याची एकही पावती लागत नाही.

विवरणपत्रात यासाठी एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. नवीन करप्रणालीतून बाहेर पडायचे आहे का, असे तेथे विचारले जाते. ‘नाही’ निवडल्यास नवीन प्रणाली लागू होते. फक्त पगार आणि बँक व्याज असलेल्या बहुतेकांसाठी आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’ हा नमुना पुरतो. त्यात पगाराचा आकडा कंपनीने पाठवलेल्या माहितीवरून आधीच भरून येतो. तो आपल्या गोषवाऱ्यातील ६,३९,५०० शी जुळला पाहिजे. तेथे ५,७६,८०० लिहू नये, तो हातात आलेल्या पगाराचा आकडा आहे.

विवरणपत्र सादर केल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने त्याची पडताळणी करावी लागते. पडताळणी झाली नाही तर विवरणपत्र भरलेलेच नाही असे धरले जाते आणि परतावा अडकतो. पैसे पॅनशी जोडलेल्या आणि संकेतस्थळावर आधीच प्रमाणित केलेल्या बँक खात्यातच येतात. आयटीआर-१ ची मुदत ३१ जुलै आहे. त्यानंतरही ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते, पण उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्यास ५,००० रुपये आणि त्याच्या आत असल्यास १,००० रुपये विलंब शुल्क लागते. उदाहरणातील तंत्रज्ञांना उशीर झाला तर परताव्यातील ५,००० रुपये असे जातील.

योजनांच्या अर्जात कोणता आकडा लिहावा?

शिष्यवृत्ती किंवा इतर योजनांच्या अर्जात वार्षिक उत्पन्न विचारले जाते, तेव्हा नोकरदार व्यक्तीने साधारणपणे एकूण वेतनाचा आकडा द्यायचा असतो, हातात आलेल्या पगाराचा नाही. अर्ज तपासणारे अधिकारी फॉर्म १६ किंवा विवरणपत्र मागवतात, तेव्हा दोन आकड्यांत तफावत दिसल्यास अर्ज परत येऊ शकतो. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी पालकांचे उत्पन्न लिहिताना ही चूक विशेष होते.

काही योजनांत उत्पन्नाऐवजी आयकर भरला आहे का, हे पाहिले जाते. उदाहरणार्थ, पीएम-किसान योजनेत मागील आकारणी वर्षात आयकर भरलेल्या व्यक्ती अपात्र ठरतात, आणि तेथे पती, पत्नी व अल्पवयीन मुले मिळून एक कुटुंब धरले जाते. घरातील एका व्यक्तीच्या पगारातून टीडीएस कापला गेला आणि विवरणपत्र भरलेच नाही, तर कागदोपत्री फक्त कापलेला कर दिसत राहतो. विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्यावर आयकर विभाग कलम १४३(१) खाली एक सूचनापत्र ई-मेलने पाठवतो. त्यात एकूण कर शून्य आणि परतावा किती, हे स्पष्ट लिहिलेले असते. हे पत्र, फॉर्म १६ आणि बारा स्लिपचा गोषवारा एकाच फाइलमध्ये ठेवावा. कार्यालयाने कराबद्दल विचारणा केल्यास हेच कागद दाखवायचे असतात.